बाळाची संध्याकाळची आंघोळ : वेळ, पाण्याची ऊब आणि झोपेचा खरा संबंध

सकाळी तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलेलं बाळ दोन-दोन तास उठत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीने पाहिलेलं असतं. म्हणून ‘रात्री झोपत नाही ना, मग संध्याकाळी अंघोळ घाला’ हा सल्ला घरोघरी सहज दिला जातो. तो पाळून पाहिलेल्या आयांचे अनुभव मात्र दोन टोकांचे असतात. एकीचं बाळ अर्ध्या तासात डोळे मिटतं, तर दुसरीचं अंघोळीनंतर इतकं ताजंतवानं होतं की अकरापर्यंत हातपाय झाडत पडून राहतं. दोन्ही अनुभव खरे आहेत. फरक बहुतेक वेळा पाणी किती गरम होतं, अंघोळ किती वाजता संपली आणि त्यानंतर घरात काय चाललं होतं यातून पडतो.

सकाळच्या त्या लांबलचक झोपेचं श्रेय एकट्या पाण्याला देता येत नाही. पायांवर पालथं घालून अर्धा तास मालीश, मग डाळीचं पीठ, मग तांब्याने वरून ओतलेलं गरम पाणी, त्यात बाळाचा टाहो आणि शेवटी पोटभर दूध. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर बाळ झोपतं, त्यात बराच वाटा दमण्याचा आणि भरलेल्या पोटाचा असतो. तोच सोहळा जसाच्या तसा संध्याकाळी सातला केला तर बाळ रडून थकेल, झोपेलही, पण त्याला शांत होणं म्हणता येत नाही. संध्याकाळची अंघोळ वेगळीच असायला हवी. थोडी, कोमट आणि बिनारडीची.

पाण्यामुळे झोप येते म्हणजे नेमकं काय होतं

झोपेच्या आधी माणसाच्या शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरू लागतं. आतली उष्णता बाहेर जायला वाट लागते आणि ती वाट मुख्यतः हातापायांच्या तळव्यांमधून असते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात, उष्णता बाहेर पडते आणि डोळे जड होतात. हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिलं. कोमट पाण्याची अंघोळ या कामाला हातभार लावते. त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि पाण्यातून बाहेर आल्यावर शरीर नेहमीपेक्षा भराभर निवतं. म्हणजे झोप येते ती अंघोळीनंतरच्या निवण्यामुळे. पाण्यात असताना बाळ जागं आणि खूश असलं तरी काही बिघडलेलं नसतं.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस पाण्याने, निदान दहा मिनिटं अंघोळ केली तर झोप लागायला लागणारा वेळ सरासरी दहा मिनिटांच्या आसपास कमी होतो, असं त्यांना आढळलं. हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत आणि ते बाळाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. ४२ अंशांचं पाणी तान्ह्या बाळाला धोक्याचं आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ आपल्यापेक्षा खूप जास्त असतं, त्वचा पातळ असते आणि घाम येऊन निवण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. त्यामुळे बाळ आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि लवकर गारठतं. म्हणूनच त्याला पाणी कमी गरम लागतं आणि अंघोळ ते झोप हे अंतरही कमी ठेवावं लागतं.

बाळांवरचा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. अमेरिकेत २००९ मध्ये ४०५ आयांना घेऊन केलेला. सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं होती. दोन आठवडे रोज रात्री ठरलेल्या क्रमाने अंघोळ, मग अंगाला मालीश किंवा क्रीम, मग गाणं किंवा कुशीत घेणं आणि अंघोळ संपल्यापासून अर्ध्या तासात दिवे बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री उठणं कमी झालं, आयांचा मूडही सुधारला. मात्र या प्रयोगाचा खर्च बाळांसाठीची उत्पादनं बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता आणि तिन्ही गोष्टी एकत्र केलेल्या असल्याने त्यातला किती गुण पाण्याचा आणि किती रोजच्या ठरलेल्या क्रमाचा, हे त्यातून सुटं करता येत नाही. माझ्या मते मोठा वाटा क्रमाचा आहे. सात-आठ महिन्यांच्या बाळाला ‘पाणी, मग कपडे, मग दूध, मग अंधार’ हे पाठ होतं आणि पाण्याचा आवाज आला की पुढचं काय ते त्याला कळतं. पाण्याची ऊब या क्रमाला मदत करते. एकटी ती झोप आणत नाही.

वयाचाही प्रश्न आहे. रात्री शरीराचं तापमान उतरण्याची लय जन्मतः नसते. ती साधारण दोन-तीन महिन्यांच्या सुमारास दिसू लागते. त्याआधी बाळाला रात्र आणि दिवस सारखेच. दीड महिन्याच्या बाळाला संध्याकाळी न्हाऊ घातलं म्हणून ते रात्रभर झोपेल ही अपेक्षा फुकट आहे. त्या वयात अंघोळ स्वच्छतेपुरती आणि घरच्यांच्या सोयीच्या वेळेला घालावी. नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्याने पुसणं पुरेसं असतं. खाली जे सांगते आहे ते तीन महिन्यांपुढच्या, पुरेसं वजन असलेल्या, निरोगी बाळासाठी आहे. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

वेळ : झोपेपासून मागे मोजत या

अंघोळ किती वाजता सुरू करायची असं विचारण्यापेक्षा ती किती वाजता संपायला हवी असं विचारा. बाळ ज्या वेळेला खरोखर झोपतं (तुम्हाला ज्या वेळेला झोपावं असं वाटतं ती वेळ नव्हे) ती तीन-चार दिवस लिहून ठेवा. तिच्या पाऊण तास आधी बाळ पाण्याबाहेर आलेलं असावं. अर्धा तास ते एक तास हा पल्ला बहुतेक बाळांना चालतो. अर्ध्या तासाच्या आत आणलं तर अंगात अजून ऊब आणि खेळ दोन्ही असतं. तासाच्या पुढे गेलं तर निवणं होऊन जातं आणि मधल्या वेळात पाहुणे, टीव्ही, बाबा घरी आल्याचा गोंधळ असं काहीतरी शिरतं.

दुसरी अट दुधाची. पोट भरल्यावर लगेच न्हाऊ घातलं तर पोटावर दाब येऊन बाळ दूध काढतं आणि उपाशी बाळ पाण्यात रडतं. पोटभर पाजलेलं असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या. सर्वांत सोपी मांडणी अशी की अंघोळीच्या तासभर आधी थोडं पाजायचं आणि पोटभर पाजणं अंघोळीनंतर ठेवायचं.

तिसरी अट जागरणाची आहे आणि बहुतेक घरांत तिथेच गाडी अडते. पाच-सहा महिन्यांचं बाळ एका वेळी दोन-अडीच तासच आनंदाने जागं राहू शकतं. आई ऑफिसातून साडेसातला येते, तिला बाळाबरोबरचा तो एक निवांत वेळ हवा असतो, म्हणून अंघोळ आठला सुरू होते. तोवर बाळ तीन-साडेतीन तास जागं असतं आणि पेंगुळण्याची वेळ ओलांडून चिडण्याच्या पायरीवर पोचलेलं असतं. अशा बाळाला पाण्यात घातलं की ते आणखी तारवटतं. त्यावर दोनच उपाय. एक तर दुपारची शेवटची डुलकी पुढे सरकवायची, नाहीतर अंघोळ घरात जे कुणी आधी असेल, आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी, त्यांच्याकडे द्यायची आणि आईने अंघोळीनंतरचं पाजणं आणि झोपवणं आपल्याकडे ठेवायचं. दुसरा उपाय बहुधा जास्त टिकतो.

पाणी : ३७ ते ३८ अंश, आणि ते आणायचं कसं

बाळाच्या अंगाचं तापमान साधारण ३७ अंश असतं. पाणी त्याच्याइतकंच किंवा एखादा अंश वर, म्हणजे ३७ ते ३८ अंश, हे योग्य. ३६ च्या खाली गेलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तळवे गार पडतात आणि बाळ सतर्क होतं. झोपेच्या दृष्टीने हे नेमकं उलटं काम. ३९ च्या वर गेलं की त्वचा लालसर होते, अंग आतून तापतं आणि ते उतरायला वेळ लागतो. ‘गरम पाण्याने छान झोप लागते’ म्हणून तापमान वाढवणाऱ्या घरात बाळ उशिरा झोपतं, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

आता प्रत्यक्ष मिसळणं. टबात आधी गार पाणी घ्यायचं, मग त्यात गरम ओतायचं. हा क्रम कधीच बदलायचा नाही, कारण गरम पाणी आधी घेतलेल्या टबात एखादं मोठं भावंड हात घालू शकतं. गीझरचं पाणी ६० अंशांचं असेल आणि नळाचं गार पाणी पुण्यात जानेवारीच्या संध्याकाळी २० अंशांचं असेल, तर दहा लिटर पाणी ३८ अंशांवर आणायला साडेचार लिटर गरम आणि साडेपाच लिटर गार लागतं. मे-जूनमध्ये नळाचं पाणी २८ अंशांवर असेल तर त्याच दहा लिटरांसाठी तीन लिटर गरम आणि सात लिटर गार पुरेसं होतं. तुमचा मग किती लिटरचा आहे हे एकदा बाटलीने मोजून ठेवा, म्हणजे हे प्रमाण मगांत सांगता येतं आणि अंघोळ कुणीही घातली तरी पाणी तेच राहतं.

गॅसवर पाणी तापवत असाल तर उकळी आणायची गरज नाही. पूर्ण उकळतं पाणी वापरलंच तर गार पाणी २० अंशांचं असताना दहा लिटरांमागे सव्वादोन लिटर उकळतं पाणी पुरतं, म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या निम्म्यानेच. उकळत्या पाण्याचं पातेलं स्वयंपाकघरातून न्हाणीघरात नेताना वाटेत बाळ किंवा मोठं मूल नको. भाजण्याच्या कितीतरी घटना याच दहा पावलांत घडतात.

गीझरचं बटण ४८-४९ अंशांवर आणून ठेवता आलं तर ठेवाच. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजू शकतं, बाळाची त्याहून लवकर. ४९ अंशांवर तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला अवधी मिळतो. मात्र गीझर ४९ वर आणलात की वरची मापं बदलतात. २० अंशांच्या गार पाण्यात दहा लिटरांमागे गरम पाणी सव्वासहा लिटर लागेल. सोलरचं पाणी उन्हाच्या दिवशी ७० च्या पुढे जातं आणि त्यावर आपलं नियंत्रण नसतं, म्हणून सोलरच्या घरात तर मोजल्याशिवाय बाळाला पाण्यात घालूच नये. नळाच्या चालू धारेखाली बाळाला धरणंही नको. इन्स्टंट गीझरमध्ये कुणी दुसरा नळ उघडला की धारेचं तापमान क्षणात बदलतं.

विदर्भात उन्हाळ्यात उलटीच गंमत असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं ‘गार’ पाणी संध्याकाळी सहालाही चटका देणारं असू शकतं. तिथे गीझर राहू द्या, नळाचंच पाणी तासभर आधी बादलीत काढून घरात सावलीत ठेवावं लागतं.

मोजायचं कसं? हाताच्या तळव्यावर विश्वास ठेवू नका. भांडी घासणाऱ्या, चहा गाळणाऱ्या हातांना ४३-४४ अंशही कोमट वाटतात. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू जास्त प्रामाणिक असते. तिथे पाणी ‘गरमही नाही, गारही नाही’ असं लागलं पाहिजे, ‘छान गरम’ लागलं तर ते बाळासाठी जास्त झालं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस टबात तरंगणारा थर्मामीटर वापरला तर कोपराला अंदाज येतो आणि मग त्याची गरज संपते. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटरही चालतो, पण त्यात एक मेख आहे. तो सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून गार पाणी घालून पुन्हा मोजताना तो बंद करून परत चालू करावा लागतो. जुना पाऱ्याचा थर्मामीटर गरम पाण्यात अजिबात बुडवू नका. त्याची पट्टी ४२ अंशांपाशी संपते आणि काच तडकली तर पारा टबात सांडतो. कशानेही मोजा, त्याआधी पाणी हाताने तळापासून ढवळा, कारण गरम पाणी वर राहतं आणि गार तळाशी.

उथळ टबातलं पाणी २० अंशांच्या खोलीत दहा मिनिटांत साधारण दोन अंश निवतं. म्हणून थंडीत सुरुवात ३८ वर करा आणि अंघोळ सात-आठ मिनिटांत उरका. बाळ टबात असताना गरम पाण्याची भर घालायची नाही. लागलंच तर बाळाला बाहेर काढून पंचात गुंडाळायचं, दुसऱ्या कुणीतरी पाणी घालून, ढवळून, मोजून द्यायचं.

एक संध्याकाळ, घड्याळ लावून

पाच महिन्यांची मुलगी, पुण्यातला फ्लॅट, जानेवारी महिना असं धरूया. लिहून ठेवलेल्या वेळांवरून ती सव्वाआठच्या सुमारास झोपते असं दिसलं. शेवटची डुलकी पावणेसहाला संपते, सहाला ती थोडं दूध पिते.

सातला न्हाणीघराची खिडकी लावायची आणि बाळाला जिथे पुसणार त्या खोलीतला पंखा बंद करायचा. मोठा मऊ पंचा, झबलं, लंगोट किंवा डायपर, टोपडं, तेल हे सगळं आधीच पलंगावर मांडून ठेवायचं. टबाजवळ हाताशी फक्त मग, एक मऊ फडका आणि सौम्य साबण. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण ‘जरा टॉवेल घेऊन येते’ म्हणून बाळाला पाण्यात सोडून जायची वेळ येऊ नये, तर ती लागतेच. दोन इंच पाण्यातही बाळ बुडतं, तेही आवाज न करता. फोन वाजला, दाराची बेल वाजली तर बाळाला पंचात घेऊन जा किंवा वाजू द्या.

दिव्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपल्या न्हाणीघरांत पांढऱ्या एलईडीचा भगभगीत उजेड असतो आणि बाळ पाठीवर पडून थेट त्याच्याकडेच पाहत असतं. संध्याकाळचा प्रखर उजेड झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन दाबतो आणि लहान मुलांमध्ये तो परिणाम मोठा असतो, असं कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसलं. आधी उजेडाची अंघोळ आणि मग झोपेची अपेक्षा, असं होतं. न्हाणीघरात पिवळा, कमी वॉटचा दिवा लावा. बाळाचा चेहरा आणि पाण्याची पातळी स्वच्छ दिसेल एवढा उजेड मात्र हवाच.

सात वाजून दहा मिनिटांनी टबात साडेपाच लिटर गार पाणी, मग साडेचार लिटर गरम, ढवळणं, मोजणं. पाणी हे आकड्यांबरहुकूम ३८ आलं नाही, एखादा अंश इकडेतिकडे झाला, तर मगभर पाण्याने ते जमवायचं. अजून न बसणाऱ्या, हातावर तोलून धरलेल्या बाळाला ऊब पोचायला दहा लिटर पाणी पुरतं. पाणी तयार झाल्यावरच बाळाचे कपडे काढायचे.

सव्वासातला आधी पाय, मग कंबर, मग हळूहळू पाठ पाण्यात. डावा हात मानेखालून नेऊन पलीकडच्या दंडाला पक्का धरलेला. बाळ दचकून हात फाकत असेल तर एक पातळ ओला फडका त्याच्या छाती-पोटावर ठेवा आणि त्यावरून पाणी सोडा. उघड्या पोटावर हवा लागणं हेच पुष्कळ बाळांच्या रडण्याचं कारण असतं आणि फडका ठेवला की रडणं थांबतं. साबण फक्त मानेच्या वळ्या, काखा, जांघा आणि तळवे एवढ्याला. संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेणं टाळा. आठवड्यातून दोनदा केस धुवायचे तर सकाळच्या अंघोळीला धुवा. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, ओलं राहिलं की बाळ भराभर गारठतं आणि तोंडावर पाणी आलं की सगळा निवांतपणा संपतो. बोलायचं ते हळू. खेळणी, पाणी उडवणं, टाळ्या हे सगळं सकाळच्या वाटणीला.

सात वाजून तेवीस मिनिटांनी बाहेर. पंचात गुंडाळून चोळायचं नाही, टिपायचं. अंगावर राहिलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं आणि आपल्याला हवं त्यापेक्षा जास्त गारवा येतो, म्हणून वळ्यांमधलं पाणी नीट टिपा. त्वचा किंचित ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा, म्हणजे ओलावा आत राहतो. मालीश पाच मिनिटं, खालच्या दिशेने, संथ. पायांच्या तळव्यांना थोडं जास्त. मावशींची जोरकस मालीश सकाळी ठीक, इथे नको.

कपड्यांमध्ये आपल्या घरांत हमखास जास्त होतं. थर्मल, स्वेटर, पायमोजे, टोपडं आणि वर दुलई. अंघोळीनंतर शरीराला निवायचं असतं, त्याची वाटच आपण बंद करतो. डोकं कोरडं झालं की झोपताना टोपडं काढा. अंगात आपल्यापेक्षा एखादा कपडा जास्त पुरे. मानेच्या मागे हात लावून पाहा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. धुरीची या वेळेला तर अजिबातच गरज नाही. ओवा-शेपांचा असला तरी धूर तो धूरच आणि बाळाच्या श्वासनलिकेला तो चुरचुरतो.

पावणेआठपासून आठपर्यंत मंद उजेडात पोटभर दूध, मग ढेकर, मग एखादं गाणं. आठ-सव्वाआठला पाठीवर पाळण्यात. अंघोळ संपून पाऊण तास झालेला असतो. या वेळी बाळाचे तळवे हातात धरून पाहा. ते उबदार आणि मऊ लागले, मुठी सुटल्या असल्या, पापण्यांची उघडझाप मंदावली असली तर सगळं जमून आलं आहे. तळवे गार आणि मुठी आवळलेल्या असतील तर बहुधा पाणी निवलेलं होतं किंवा पुसायला वेळ लागला. चेहरा लाल, अंग गरम आणि पाय झाडणं चालू असेल तर पाणी जास्त गरम होतं किंवा अंघोळीत खेळ जास्त झाला.

तुमच्या बाळाला खरंच फरक पडतो का, हे तपासायचं असेल तर

‘आमच्या बाळाला अंघोळीने छान झोप लागते’ हे वाक्य बहुधा एका चांगल्या रात्रीवर उभं असतं. तपासायला दोन आठवडे द्या. पहिला आठवडा रोज वरच्या क्रमाने अंघोळ. दुसरा आठवडा अंघोळीच्या जागी फक्त कोमट ओल्या फडक्याने तोंड, हात, पाय आणि जांघा पुसणं, बाकी सगळं तसंच, त्याच वेळेला, त्याच उजेडात. रोज दोनच गोष्टी वहीत लिहा. पाळण्यात ठेवल्यापासून झोपायला किती मिनिटं लागली आणि मध्यरात्रीपर्यंत किती वेळा उठलं. प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दोन-तीन रात्री सोडून द्या, कारण नव्या क्रमाची सवय व्हायला तेवढा वेळ जातो. दात येणं, लस, सर्दी, प्रवास अशी रात्र आली तर तीही मोजू नका.

दोन्ही आठवड्यांत पाच मिनिटांचाही फरक दिसला नाही, तर याचा अर्थ तुमच्या बाळाला क्रम पुरतो, पाणी लागत नाही. मग अंघोळ सकाळीच ठेवा आणि संध्याकाळचा अर्धा तास वाचवा. रोज अंघोळ हवीच असंही नाही. त्वचेच्या दृष्टीने रांगण्याआधीच्या बाळाला आठवड्यातून तीनदा पुरते, आपल्या दमट किनारपट्टीवर थोडी जास्त. अंघोळीच्या आठवड्यात झोपायला उलट जास्त वेळ लागत असेल तर ते बाळ पाण्याने उत्तेजित होणाऱ्यांपैकी आहे. अशी बाळं कमी नाहीत. त्यांची अंघोळ दुपारच्या डुलकीनंतर, चार-पाचच्या सुमाराला हलवली की सगळ्यांचीच संध्याकाळ सुटसुटीत होते. आणि अंघोळीने स्पष्ट फरक पडत असेल तर चालू ठेवा, पण आठवड्यातून एखाद्या दिवशी मुद्दाम पुसण्यावर भागवा, म्हणजे गावी गेल्यावर किंवा गीझर बंद पडल्यावर झोपेचं घोडं अडणार नाही.

कधी घालू नये

बाळ आधीच रडवेलं, डोळे चोळणारं, पाठ ताणणारं झालं असेल तर त्या दिवशी अंघोळ सोडून द्या आणि पुसून सरळ पाजायला घ्या. ताप असताना उतरवण्यासाठी गार पाण्याने न्हाऊ घालू नये. अंग शहारतं, बाळ थरथरतं आणि आतला ताप उतरत नाही. ताप असेल तर औषध आणि डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप आला तर रात्र असली तरी थांबू नये. त्वचेवर खरबरीत, खाजरे चट्टे असतील तर अंघोळ पाच मिनिटांत आटपा, पाणी ३७ च्या पुढे नको, साबण जवळपास नको आणि टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावा. अशा बाळांना डाळीच्या पिठाने घासणं म्हणजे रात्रभर खाजेला निमंत्रण, आणि खाजणारं बाळ कोणत्याच पाण्याने झोपत नाही.

पाणी नाही, वीज नाही, पाहुण्यांच्या घरी आहात, अशा वेळी थर्मासमधलं गरम पाणी गार पाण्यात मिसळून एका पसरट भांड्यात दोन लिटर ३८ अंशांचं पाणी करा आणि बाळाला मांडीवर धरून त्याचे पाय घोट्यापर्यंत तीन-चार मिनिटं त्यात सोडा. उष्णता बाहेर जाण्याची वाट तळव्यांतूनच असल्याने एवढ्यानेही थोडं काम होतं. पाय कोरडे करून तेल लावा, पाजा, आणि बाकीचा क्रम घरच्यासारखाच ठेवा.